खुर्चीवरचा फोन, शेवटचा बाक

धायरीतल्या आमच्या इमारतीत नववीची तीन मुलं आहेत. दोन एका शाळेत, एक दुसऱ्या. गेल्या वर्षी तिघांनाही साधारण एकाच सुमारास प्रकल्प मिळाला आणि दोन्ही शाळांनी पुरवणी सूचना दिली, ‘पीपीटी करून सादर करा.’ तिघांच्याही घरी संगणक नाही. फोन आहे, तोही वडिलांचा, आणि तो हातात येतो रात्री आठनंतर. ही परिस्थिती आता इतकी सर्वसाधारण आहे की फोनवर स्लाइड करता येतात का, हा प्रश्नच उरलेला नाही. येतात. कोणत्या गोष्टी फोनवर बिघडतात आणि त्या बिघडल्याचं करणाऱ्याला का कळत नाही, हा खरा प्रश्न आहे. मी त्या तिघांबरोबर बसलो, त्याआधी आणि नंतरही बरीच मुलांची सादरीकरणं पाहिली. त्यावरून या सगळ्या कामाचा आढावा घ्यावासा वाटला.

आधी शाळेकडून काय अपेक्षा असते ते पाहू. महाराष्ट्रात 2010मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत तोंडीकाम आणि प्रकल्प अशी वेगवेगळी नावं होती. स्लाइडचं सादरीकरण दोन्हींना एकत्र आणतं. प्रकल्प म्हणजे मुलांनी काय शोधलं, आणि तोंडीकाम म्हणजे ते त्यांना सांगता येतं का. पडद्यावरची चित्रं यांच्यामधला दुवा. पण घरी बसून तयारी करताना सगळा वेळ दुव्यावरच जातो. रात्री दहापर्यंत रंग, चौकटी आणि पानं उलटतानाचे परिणाम चालतात, आणि बोलायचं काय हे सकाळी रिक्षात ठरतं.

पडद्यावर चित्र दाखवत बोलण्याचा प्रकार मराठी माणसाला नवा नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले. काचपट्टीवर हाताने चित्र रंगवायचं, दिव्याच्या उजेडाने ते पडद्यावर मोठं पाडायचं, आणि शेजारी उभं राहून गोष्ट सांगायची. स्लाइड म्हणजे मुळात ती काचपट्टीच. तिच्यावर मजकूर नसायचा, कारण मजकूर सांगणाऱ्याच्या तोंडी असायचा. पुढे 1987मध्ये रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांचं पॉवरपॉइंट आलं, मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ते बनवणारी कंपनी विकत घेतली, आणि काचपट्टीची जागा टंकलेल्या मुद्द्यांनी घेतली. टंकणं चित्र काढण्यापेक्षा सोपं असतं. फोनवर तर टंकायचीही गरज नाही, कुठून तरी उचलून चिकटवलं की झालं. त्यामुळे फोनवर केलेली स्लाइड बहुतेक वेळा मजकुराने भरलेली असते.

किती मजकूर असावा, यावर जगभर मतं आहेत. जपानमध्ये मासायोशी ताकाहाशी यांनी एका स्लाइडवर पडदाभर मोठी चारसहा अक्षरं, एवढंच ठेवायची पद्धत लोकप्रिय केली. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांवरून दाखवलं की चित्रासोबत निवेदन चालू असताना तेच निवेदन पडद्यावरही छापलं तर समजण्याला मदत होण्याऐवजी अडथळा येतो. डोळे वाचतात एका वेगाने, कान ऐकतात दुसऱ्या वेगाने. एडवर्ड टफ्टी यांची टीका याहून कडक आहे. 2003मध्ये कोलंबिया अवकाशयान कोसळलं, ज्यात कल्पना चावला गेल्या. यान अवकाशात असतानाच फोमच्या आघाताचा धोका किती, हे नासाला एका स्लाइडवर सांगितलं गेलं होतं. त्या स्लाइडवर सर्वांत महत्त्वाची गोष्ट तळाशी, बारीक अक्षरात, मुद्द्याच्या पोटमुद्द्यात दबली होती, असं टफ्टी यांनी दाखवून दिलं, आणि अपघाताच्या चौकशी अहवालानेही त्याची दखल घेतली.

मी या वादात बहुतांशी मेयर यांच्या बाजूचा आहे, एका अपवादासह. वर्गात सेमी-इंग्रजीची मुलं असतील किंवा विषयात ‘अवशिष्ट क्लोरीन’सारखा शब्द असेल, तर तो शब्द पडद्यावर असलाच पाहिजे. कानाला अनोळखी शब्द डोळ्याला दिसला की पकडता येतो. वाक्यं मात्र तोंडी.

आता एक प्रकल्पच हाती घेऊ. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे, आणि धायरीत राहणाऱ्या मुलाला त्यासाठी लांब जायला नको. 2025च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड आणि धायरी या भागांत, गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. नसांवर आघात करणारा हा आजार पुण्यातल्या घराघरांत ‘जीबीएस’ या तीन अक्षरांनी पोहोचला. संशय पाण्यावर गेला, नमुने तपासले गेले, महापालिकेने काही खासगी आरओ केंद्रं बंद केली, आणि आमच्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात पाणी उकळायला लागलं. तेव्हा आमच्या तिघांनी ठरवलेला प्रश्न असा होता: आमच्या घरचं पाणी कुठून येतं आणि नळाशी पोहोचेपर्यंत त्यात जंतुनाशक उरतं का?

प्रश्न असा नेमका झाला की स्लाइडची संख्या आपोआप ठरते. ‘पाण्याचे महत्त्व’ हा विषय घेतला असता तर वीस स्लाइडही कमी पडल्या असत्या. इथे सहा पुरल्या. पहिलीवर प्रश्न आणि गच्चीवरच्या टाकीचा फोटो. दुसरीवर धरणापासून नळापर्यंतचा रस्ता. तिसरीवर चार धरणांची तुलना. चौथीवर चाचणीचा फोटो आणि पाचवीवर तिचे आकडे. सहावीवर जे कळलं नाही ते. पाच मिनिटांसाठी एवढं भरपूर आहे. मुलं शांतपणे बोलली तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे एका स्लाइडच्या वाट्याला ऐंशी ते शंभर शब्द.

कामाचा क्रम मात्र फोन उघडण्याआधी सुरू होतो. वहीच्या एका पानावर सहा आडव्या चौकटी आखायच्या, प्रत्येकीत काय दिसेल त्याचं ओबडधोबड चित्र काढायचं आणि खाली बोलायचं एक वाक्य लिहायचं. फोनवर एका वेळी एकच स्लाइड मोठी दिसते. सगळी मिळून काय सांगतायत, ते त्या छोट्या पडद्यावर जाणवत नाही. कागदावर जाणवतं. शिवाय फोन मिळतो दीड तास, आणि हे काम फोनशिवाय दुपारी होऊन जातं.

ॲप कोणतं, याला मुलं फार वेळ देतात. मी कमी देतो. गुगल स्लाइड्स, पॉवरपॉइंट, डब्ल्यूपीएस ऑफिस आणि कॅनव्हा ही चार आपल्याकडे सर्रास दिसतात आणि साध्या कामाला चारही चालतात. तिघांना आपापल्या घरून, आपापल्या फोनवर एकाच फाइलवर काम करायचं असेल तर गुगल स्लाइड्स सोयीचं, कारण फाइल एकच राहते. नाहीतर व्हॉट्सॲपवर ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘खरी फायनल’ अशा फाइली फिरतात आणि सादरीकरणाच्या दिवशी जुनीच उघडते. कॅनव्हाचे नमुने दिसायला सुंदर, पण तिथले अनेक नक्षीदार टाइप केवळ इंग्रजीसाठी केलेले आहेत. त्यांत मराठी टंकलं की अक्षर दुसऱ्याच टाइपात पडतं आणि शीर्षकाची ओळ चौकटीबाहेर जाते. कॅनव्हात मुक्ता, बलू किंवा हिंद यांसारखा देवनागरीसाठी घडवलेला टाइप शोधून घ्यावा. मुक्ता आणि बलू हे तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेनेच केलेले आहेत.

मराठी टंकण्यातली एक खोच इथे सांगून टाकतो, कारण ती आमच्या गावातच दडलेली आहे. धायरीत उंबऱ्या गणपती चौक आहे. मुलांनी नकाशावर तो दाखवला आणि लिहिलं ‘उंबर्या’. रफार यच्यावर गेला. ‘उंबऱ्या’मधला तो पापणीसारखा अर्धा र हवा असेल तर साध्या र ऐवजी खाली नुक्ता असलेला ऱ टंकावा लागतो, मग पाय मोडण्याचं चिन्ह आणि मग य. मराठी कळपाटावर र दाबून धरला की बहुधा ऱ मिळतो. ‘किनाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘पुरवठा करणाऱ्या’ हे सगळे शब्द पाण्याच्या प्रकल्पात येणारच. बोलून टंकण्याची सोय वापरली तरी हे शब्द एकदा डोळ्यांखालून घालावेत. आणखी एक: शेजारच्या डीटीपीवाल्या काकांकडून जुन्या फाइलीतला मराठी मजकूर आणला, तर तो युनिकोडमध्ये नसण्याची शक्यता मोठी. फोनवर तो इंग्रजी चिन्हांचा चिखल होऊन उमटतो. तो दुरुस्त करत बसू नये, नव्याने टंकावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. फोनवर स्लाइड करणाऱ्याला आपली स्लाइड कधीच, शेवटच्या बाकावरचा मुलगा पाहील तशी दिसत नाही.

हिशेब सोपा आहे. साडेसहा इंची फोन आडवा धरला तर त्यावर स्लाइड साधारण 12 सेंटीमीटर रुंद दिसते. वर्गातला 43 इंची टीव्ही सुमारे 95 सेंटीमीटर रुंद. शेवटचा बाक टीव्हीपासून 8 मीटरवर असेल, तर तिथून टीव्ही डोळ्याला जेवढा भासतो, तेवढाच फोन साधारण 1 मीटरवरून भासतो. पण स्लाइड करताना आपण फोन धरतो 30 सेंटीमीटरवर. म्हणजे करणाऱ्याला प्रत्येक अक्षर शेवटच्या बाकाच्या तिपटीहून मोठं दिसत असतं. बारा ओळींची स्लाइड त्याला छान वाचता येते आणि अक्षर लहान असल्याची शंकासुद्धा येत नाही. फसवणूक पूर्ण होते.

म्हणून आमच्याकडे एक चाचणी ठरली. फोन खुर्चीच्या बैठकीवर आडवा ठेवायचा, स्लाइड पूर्ण पडदाभर उघडायची आणि समोर सरळ उभं राहायचं. उभ्या मुलाच्या डोळ्यांपासून खुर्चीची बैठक साधारण मीटरभर खाली येते. न वाकता, डोळे न बारीक करता जे वाचता येईल ते ठेवायचं, बाकीचं काढायचं किंवा मोठं करायचं. शाळेत मोठा डिजिटल फलक असेल, समजा 65 इंची, तर अंतर पाऊण मीटरहून थोडं कमी चालतं. सहा फूट रुंद पडदा आणि प्रोजेक्टर असेल तर अर्धा मीटर पुरे. पण शाळेत काय आहे याची खात्री नसेल तर खुर्चीच धरावी. आमच्या तिघांपैकी एकीने पहिल्या खेपेला दुसऱ्या स्लाइडवर अकरा ओळी बसवल्या होत्या. खुर्चीसमोर उभी राहिली आणि तिला वाचता आलं फक्त शीर्षक. तिने स्वतःच आठ ओळी काढल्या. कुणी सांगावं लागलं नाही.

अक्षराचा आकडा किती, असं नेहमी विचारतात. आकड्यावर विसंबू नये, त्याला कारण आहे. गुगल स्लाइड्सचं कोरं पान 10 इंच रुंद धरलेलं असतं आणि पॉवरपॉइंटचं 13.33 इंच. दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात, पण एकातलं 32 हे माप दुसऱ्यातल्या 43च्या जवळपास भरतं. मैत्रिणीने ‘मी 32 ठेवलंय’ म्हटलं आणि आपण दुसऱ्या ॲपमध्ये 32 ठेवलं, तर अक्षर पाऊणपट होतं. 43 इंची टीव्हीसाठी गुगल स्लाइड्समध्ये मी 32च्या खाली जात नाही. देवनागरीला शिरोरेषेवर वेलांटी आणि खाली उकार यांना जागा लागते, त्यामुळे अक्षराचा मुख्य भाग त्याच मापाच्या इंग्रजी अक्षरापेक्षा आखूड भासतो. ओळींमध्येही जरा जास्त मोकळीक लागते. इंग्रजी पुस्तकांतले नियम जसेच्या तसे उचलले की मराठी स्लाइड दाटलेली दिसते ती यामुळे. त्या मापात शीर्षक सोडून पाच-सहा ओळींपलीकडे काही मावत नाही, आणि तेच बरं आहे.

तिसरी स्लाइड मला सर्वांत आवडली, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. पुण्याचं पाणी खडकवासल्याहून येतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण खडकवासला साखळीत टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला अशी चार धरणं आहेत आणि त्यांची उपयुक्त साठवण अनुक्रमे 3.71, 12.82, 10.65 आणि 1.97 टीएमसी. एकूण 29.15. ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, ते धरण चारांत सर्वांत लहान. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी त्याच्यात येतं आणि तिथून शहराकडे निघतं. हे आकड्यांच्या तक्त्यात कुणाच्या लक्षात येत नाही, चित्रात लगेच येतं.

फोनवरच्या गुगल स्लाइड्समध्ये संगणकासारखा आलेख घालायची सोय मिळत नाही. आयत काढून बोटाने ताणता येतो, पण तो बरोबर किती ताणला हे बोटाला कळत नाही आणि प्रमाण चुकतं. मुलांनी मग एक छोटा निळा चौकोन काढला आणि ठरवलं, एक चौकोन म्हणजे एक टीएमसी. त्याच्या नकला करून एकावर एक रचल्या. खडकवासला 2, टेमघर 4, पानशेत 11, वरसगाव 13. पूर्णांकात आणल्यामुळे बेरीज 30 होते, म्हणून खाली लिहिलं, ‘आकडे पूर्णांकात’. शीर्षक ‘धरणांची साठवण’ असं होतं, ते बदलून केलं, ‘खडकवासला सर्वांत लहान’. शीर्षकातच निष्कर्ष सांगितला की चित्रात काय पाहायचं ते बघणाऱ्याला कळतं.

ज्याला हेही नको असेल त्याने आलेख कागदावर रंगीत पेन्सिलीने काढावा आणि वरून, खिडकीच्या उजेडात, स्वतःची सावली न पडू देता फोटो घ्यावा. मला तो संगणकी आलेखाइतकाच योग्य वाटतो, आणि मुलाने स्वतः काढलाय हेही दिसतं.

टीएमसी म्हणजे काय, हे मात्र स्लाइडवर नव्हतं. ते बोलायचं होतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे जवळपास 2,832 कोटी लिटर. धायरीतल्या मुलांना लिटरपेक्षा टँकर जास्त ओळखीचा, म्हणून वाक्य असं ठरलं: ‘दहा हजार लिटरचे अठ्ठावीस लाख टँकर ओतले की एक टीएमसी होतो.’ वर्गात या वाक्याला मुलांनी माना वर केल्या, असं मला त्यांच्याकडूनच कळलं.

चौथ्या स्लाइडवरची चाचणी होती नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची. ती शिक्षकांनी स्वतः करून दाखवली, आणि ते योग्यच झालं, कारण त्यासाठी वापरलं जाणारं ऑर्थोटोलिडिन हे रसायन मुलांच्या हाती द्यायचं नाही. पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, जितका जास्त तितका गडद, आणि तो क्लोरोस्कोपच्या रंगपट्टीशी लगेच जुळवायचा. उशीर केला तर बंधित क्लोरीनचाही रंग त्यात मिसळतो आणि आकडा फुगतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार मुक्त अवशिष्ट क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. चार ठिकाणचे नमुने घेतले होते, त्यात नळाचं थेट पाणी आणि गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी वेगळं ठेवलं होतं.

इथे फोनच्या कॅमेऱ्याने घोटाळा केला. प्रत्येक नळीचा वेगळा फोटो काढला तर प्रत्येक फोटोत पिवळा वेगळाच दिसत होता. एकात फिकट, दुसऱ्यात केशरीकडे झुकलेला, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या फरकाशी त्याचा मेळ नव्हता. कॅमेरा दर फोटोला उजेडाप्रमाणे रंगांचा समतोल स्वतःच बदलतो. पुढच्या खेपेला चारही नळ्या एका रांगेत, मागे कोरा पांढरा कागद, दिवसाच्या उजेडात, एकाच फोटोत घेतल्या. आता निदान आपसांत तुलना खरी झाली. तरीही फोटो हा पुरावा नव्हे, आकडा रंगपट्टीवरून लगेच वहीत लिहिलेलाच धरायचा, आणि पाचव्या स्लाइडवर तोच गेला. स्लाइडसाठीचे सगळे फोटो फोन आडवा धरून घ्यावेत हेही यात आलंच. उभा फोटो आडव्या स्लाइडवर मधोमध एका पट्टीएवढा उरतो.

जालावरून उचललेल्या चित्रांबाबत माझं मत कठोर आहे. ‘धरण’ म्हणून शोधल्यावर सापडलेला देखणा फोटो बहुधा भलत्याच राज्यातल्या धरणाचा असतो. आमच्याकडे खडकवासला अर्ध्या तासावर आहे. बसने जाऊन स्वतः घेतलेला साधा फोटो लाख पटीने बरा. बाहेरचा घ्यावाच लागला तर कुठून घेतला ते त्याच्याच खाली लिहावं. जीबीएसच्या रुग्णांचे फोटो मात्र स्वतःचे असोत वा वर्तमानपत्रातले, आम्ही कुठलेच घेतले नाहीत. ते आमचे शेजारी होते.

स्लाइड तयार झाल्या की पुढचा टप्पा पडद्यापर्यंत पोहोचण्याचा, आणि सादरीकरणं बुडतात ती जास्त करून इथेच. फोन थेट टीव्हीला जोडू, असं मुलांना वाटतं. तारेने जोडायचं तर फोनच्या चार्जिंगच्या खाचेतून चित्र बाहेर पाठवायची सोय त्या फोनमध्ये असावी लागते, आणि स्वस्तातल्या बहुतेक फोनमध्ये ती नसते. बाजारातून एचडीएमआयचा जोड आणून लावला तरी टीव्ही काळाच राहतो, आणि जोड खराब आहे असं वाटतं. बिनतारी दाखवायचं तर अनेक वेळा फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर लागतात, आणि शाळेचा पासवर्ड मुलांकडे नसतो. मिळालाच, तरी फोनवर येणारा प्रत्येक संदेश टीव्हीवर सगळ्या वर्गाला दिसतो, आणि फोन वडिलांचा असतो.

म्हणून फोनवरून दाखवण्याचा बेत हा पहिला बेत नसावा. स्लाइड फाइल म्हणून न्यावी. गुगल स्लाइड्समध्ये तीन टिंबं दाबून `Share & export`, तिथून `Save as`, आणि मग दोन वेळा, एकदा `PDF` आणि एकदा `PPTX`. दोन्ही कशासाठी? शाळेच्या संगणकावर आपला टाइप नसेल तर पीपीटीएक्स उघडताना दुसरा टाइप बसतो, ओळी तुटतात, जोडाक्षरं सरकतात. पीडीएफमध्ये अक्षराचा आकार फाइलीतच बंद असतो, त्यामुळे ती सगळीकडे तशीच दिसते. पीपीटीएक्स ठेवायची ती आयत्या वेळी एखादा शब्द दुरुस्त करायला. दोन्ही फाइली ओटीजी पेनड्राइव्हवर, म्हणजे ज्याचं एक टोक फोनच्या आणि दुसरं संगणकाच्या खाचेत बसतं अशावर, टाकाव्यात. आणि आदल्या दिवशी शिक्षकांच्या व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवाव्यात. स्लाइडचे स्क्रीनशॉट फोटो म्हणून पाठवले तर ते दाबले जातात आणि बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात. वर्गातल्या अँड्रॉइड फलकाला पेनड्राइव्ह थेट लावता येतो. शक्य असेल तर मधल्या सुट्टीत एकदा लावून पाहावा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि वीज गेली तर? आमच्या तिघांपैकी एकाच्या शाळेत ती खरंच गेली. त्याने वहीतल्या त्या सहा चौकटींवरून सांगितलं आणि धरणांचे चौकोन फळ्यावर खडूने काढले. तीस चौकोन काढेपर्यंत वर्ग मोजत होता.

उरलं बोलणं. सराव दोनदाच पुरतो, पण तो उभ्याने आणि मोठ्याने करायला हवा, आणि घरातलं कुणीतरी समोर बसलेलं असावं. पहिल्या सरावात मुलं पडद्याकडे वळून वाचतात, म्हणजे वर्गाकडे पाठ. मी त्यांना सांगतो, स्लाइड बदलली की एक श्वास थांबा. समोरच्यांना चित्र बघू द्या, मग बोला. चिठ्ठीवर पूर्ण वाक्यं नकोत, प्रत्येक स्लाइडसाठी एक आकडा किंवा एक शब्द पुरे. तिघे मिळून सादर करणार असतील तर प्रत्येकाने आपण स्वतः केलेला भाग बोलावा. पाणी गोळा करणाऱ्याने पाण्याबद्दल, चौकोन काढणारीने धरणांबद्दल. कारण त्यानंतर प्रश्न येतात, आणि पाठ केलेल्याला पहिल्याच प्रश्नाला अडायला होतं.

शिक्षकांना गुण देताना पाहायचं असेल तर माझ्या मते तेच पाहावं, प्रश्नांना उत्तर कसं आलं ते. ठरावीक नमुन्यावर बेतलेली चकचकीत स्लाइड आता कुणालाही दहा मिनिटांत मिळते, तिच्यावरून मुलाबद्दल फारसं कळत नाही. आमच्या तिघांतल्या मुलीला वर्गातून विचारलं गेलं, ‘टाकीच्या पाण्यात क्लोरीन कमी का आला?’ तिने सांगितलं की पाणी टाकीत साठून राहिलं की क्लोरीन हळूहळू उडून आणि खर्ची पडून जातो, टाकी अस्वच्छ असेल तर लवकर. मग विचारलं, ‘म्हणजे जीबीएस टाकीमुळे झाला का?’ ती म्हणाली, ‘ते आमच्या चाचणीवरून सांगता येत नाही. आम्ही जंतू तपासलेच नाहीत, फक्त क्लोरीन मोजला. सहावी स्लाइड तीच आहे.’ आणि तिने सहावी स्लाइड उघडली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत दोनच ओळी होत्या: ‘जंतू तपासले नाहीत. नमुने एकाच दिवसाचे.’

त्या संध्याकाळी इमारतीच्या सोसायटीने तिच्याकडून ती पाचवी स्लाइड मागून घेतली. टाकी पुढच्या रविवारी धुतली.